गालात राहिलेली गोळी

उशीचा अभ्रा धुवायला काढावा आणि त्यातून सात-आठ गोळ्या जमिनीवर पडाव्यात, काही कोरड्या, काही अर्धवट विरघळून कापडाला चिकटलेल्या. डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असलेल्या घरात हा शोध बहुतेक वेळा असाच अचानक लागतो. कधी गोळ्या बंडीच्या खिशात सापडतात, कधी खाटेखाली, तर कधी रात्री तोंड धुताना गालातून सकाळची गोळी बाहेर येते. घरच्यांना राग येतो. "आम्ही एवढं करतो आणि हे असं फसवतात," असं वाटतं. बहुतेक वेळा ती फसवणूक नसते. आजाराने त्या माणसाचं काय हिरावून घेतलं आहे, हे त्या गोळ्या सांगत असतात. ते नीट वाचता आलं तर पुढचा मार्ग सापडतो.

२०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या दर शंभर भारतीयांपैकी सुमारे सात जणांना डिमेन्शिया आहे आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचं प्रमाण जास्त आहे. भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात या माणसांची काळजी घरातच घेतली जाते. मेंदूविकाराचा तज्ज्ञ गाठायचा तर बहुतेकांना नागपूरची वाट धरावी लागते. रोजची गोळी तोंडातून पोटात नेण्याचं काम सून, मुलगी, बायको किंवा मुलगा करतो, आणि ते कसं करायचं हे त्यांना सहसा कोणी शिकवलेलं नसतं.

न गिळलेली गोळी काय करते

एक उदाहरण घेऊ. हे कोणा एका घराचं नाही, पण अशी घरं जिल्ह्यातल्या सातही तालुक्यांत सापडतील. लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात ७६ वर्षांचे एक आजोबा आहेत. आयुष्य धानाच्या बांधीत गेलं, आता दोन वर्षांपासून डिमेन्शिया आहे. त्यांना दिवसाला ११ गोळ्या आहेत. नाश्त्याआधी पित्ताची आणि साखरेची ग्लिमेपिराइड. नाश्त्यानंतर मेटफॉर्मिन, रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन, एक व्हिटॅमिनची, एक कॅल्शियमची. जेवणानंतर अ‍ॅस्पिरिन. रात्री पुन्हा मेटफॉर्मिन, कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि स्मृतीसाठी डोनेपेझिल.

सुरुवातीला रक्तदाबाची एकच गोळी होती. ती अर्धे दिवस गालातच राहायची आणि नंतर थुंकली जायची, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तपासणीत रक्तदाब वाढलेला दिसला. डॉक्टरांना वाटलं, गोळी पुरत नाही, म्हणून त्यांनी दुसरी जोडली. मग एक दिवस उशीखालच्या गोळ्या सापडल्या. घरच्यांनी पहारा कडक केला आणि सगळ्या गोळ्या रोज पोटात जाऊ लागल्या. चार-पाच दिवसांतच आजोबा अंथरुणावरून उठताना चक्कर येऊन पडले.

आजवर अर्धवट पोटात जाणारी मात्रा गृहीत धरून औषध वाढलं होतं, आणि आता ते पूर्ण लागू झालं होतं. म्हणूनच लपवलेल्या गोळ्या सापडल्या तर पहिलं काम पहारा वाढवण्याचं नाही. सापडलेल्या गोळ्या एका डबीत घालाव्यात, घरातली सगळी औषधं एका थैलीत भरावीत आणि दोन्ही घेऊन डॉक्टरकडे जावं. "यातलं नक्की किती पोटात जात होतं ते आम्हाला माहीत नाही," एवढं वाक्य सांगणं फार महत्त्वाचं आहे. साखरेच्या औषधांना तर हे अधिकच लागू पडतं. आजवर न गिळलेली ग्लिमेपिराइड अचानक रोज पोटात जाऊ लागली तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

नको, जमत नाही, की विसरले?

गोळी पोटात न जाण्याची तीन वेगवेगळी कारणं असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. ते कारण ओळखायला दोन-तीन दिवस नुसतं बघावं लागतं.

काही जणांना गोळी नको असते. ते तोंड घट्ट मिटतात, हात झटकतात, मान फिरवतात. कधी यामागे संशय असतो, "यात विष आहे." कधी गोळी कशासाठी आहे हेच आठवत नाही, आणि अनोळखी वाटणाऱ्या माणसाने दिलेली अनोळखी वस्तू तोंडात घालायला कोणीही कचरेलच. कधी मागच्या गोळीने मळमळ झालेली असते. डोनेपेझिलने काहींना मळमळ होते, जुलाब होतात. ते सांगायला शब्द सापडत नाहीत, तेव्हा माणूस नकारातून सांगतो.

दुसऱ्या प्रकारात तोंड उघडतं, गोळी आत जाते, पाणीही जातं, पण गोळी राहते. डिमेन्शिया पुढे सरकतो तसं जिभेने घास मागे ढकलणं आणि गिळणं सुरू करणं ही साखळी तुटू लागते. त्यात तोंड कोरडं असेल तर गोळी टाळूला किंवा गालाला चिकटते. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन, लघवीवरच्या ताब्यासाठी दिलं जाणारं ऑक्सिब्युटिनिन ही औषधं तोंड कोरडं करतात, शिवाय डिमेन्शियातला गोंधळही वाढवतात. ती चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून दाखवावीत.

तिसऱ्या प्रकारात माणसाला गिळता येतं आणि नकारही नसतो. तोंडात गोळी आहे हेच तो विसरतो.

विदर्भात आणखी एक गोष्ट बघायला हवी. आयुष्यभर खर्रा खाल्लेल्या माणसाच्या तोंडाला सुपारी-तंबाखूचा गोळा गालात धरून ठेवायची सवय असते. स्मरणशक्ती गेली तरी हाता-तोंडाच्या जुन्या सवयी बराच काळ टिकतात. अशा माणसाने गालाशी आलेली गोळी तिथेच धरून ठेवली तर त्यात नवल नाही. शिवाय सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा आवळत जाते, तोंड पुरेसं उघडत नाही आणि तिखट-गरम सोसवत नाही. रुग्णाची स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, हे बघावं. जात नसतील तर दंतवैद्याला दाखवावं. त्याच वेळी हिरड्या, पांढरे चट्टे, जखमा आणि कवळी सैल झाली आहे का, हेही तपासून घ्यावं. दुखणाऱ्या तोंडात कोणतीच युक्ती चालत नाही.

गालात राहिलेली गोळी निरुपद्रवी नसते. लोहाची गोळी तोंडात विरघळत राहिली तर तिथे जखम होते. हाडांसाठी दिली जाणारी अ‍ॅलेंड्रोनेट अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण होतात. म्हणून ती पेलाभर पाण्याबरोबर, ताठ बसून घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, असा नियम आहे. गोळी तोंडात धरून ठेवणाऱ्या माणसाला ती सुरक्षित नाही, हे डॉक्टरांना सांगावं.

एका वेळी एक

आता प्रत्यक्ष गोळी देण्याकडे येऊ. दिवसातला कोणता वेळ रुग्णाला बरा जातो ते आधी ओळखावं. बहुतेकांना सकाळ बरी असते आणि दुपार कलल्यावर अस्वस्थता वाढत जाते. संध्याकाळच्या गोळ्या त्या अस्वस्थतेत अडकतात. शक्य ती औषधं सकाळवर आणता येतील का, हे डॉक्टरांना विचारावं. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन दिवसात कधीही चालते. डोनेपेझिलही अनेकांना सकाळी दिलं जातं.

टीव्ही बंद करावा, घरातली गर्दी थोडी बाजूला करावी. रुग्णाला खुर्चीवर ताठ बसवावं, पाय जमिनीला टेकलेले असावेत. देणाऱ्याने समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावं. उभं राहून वरून देऊ नये, कारण मग मान वर होते, आणि मान मागे झुकली की पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो.

आधी एक घोट पाणी द्यावं, म्हणजे तोंड ओलं होतं आणि गिळण्याची क्रिया जागी होते. मग एकच गोळी द्यावी. मूठभर गोळ्या एकदम देऊ नयेत. संशय असेल तर पाकिटातून गोळी त्यांच्यासमोर काढावी. जमत असेल तर ती त्यांच्याच हातात द्यावी, म्हणजे हाताची तोंडाकडे जाण्याची जुनी सवय मदतीला येते. बोलणं छोटं असावं: "मामाजी, ही बीपीची गोळी. घ्या जी." पुन्हा पाणी, आणि हनुवटी किंचित छातीकडे. कॅप्सूल पाण्यावर तरंगते, म्हणून तिला मान खाली असणं जास्त उपयोगी पडतं. देणाऱ्याने स्वतःही पेला उचलून एक घोट घेतला तर बघून तीच कृती करणं अनेकांना सोपं जातं.

गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली की गिळलं. त्यानंतर आणखी एक घोट द्यावा आणि "आ करा" म्हणून तोंड बघावं. दोन्ही गाल आणि दात यांमधली जागा, जिभेखाली, टाळू आणि कवळीच्या कडा या चार जागी गोळी राहते. लहान बॅटरीच्या उजेडात ते चटकन दिसतं. गोळी दिसली तर पुन्हा पाणी द्यावं किंवा चमचाभर दही द्यावं. बोट आत घालू नये, कारण चावण्याची शक्यता असते आणि गोळी मागे सरकून घशात अडकू शकते. सगळं संपल्यावर अर्धा तास बसूनच ठेवावं आणि पहिली पाच-दहा मिनिटं जवळ थांबावं. थुंकायची असेल तर ती बहुतेक त्याच वेळात थुंकली जाते.

नकार आला तर तिथेच थांबावं. वीस-तीस मिनिटांनी, जमल्यास दुसऱ्या माणसाने, पुन्हा विचारावं. सुनेला नाही म्हणणारा माणूस नातवाला हो म्हणतो, हे अनेक घरांत दिसतं. पण नाक दाबून, हात धरून किंवा झोपेत तोंडात टाकून गोळी कधीही देऊ नये. त्यात गोळी किंवा पाणी फुप्फुसात जाऊ शकतं, आणि त्या माणसाला प्रसंग आठवला नाही तरी भीती टिकून राहते. अर्धी विरघळलेली गोळी थुंकली तर दुसरी देऊ नये. किती पोटात गेली ते कळत नसतं. तारीख आणि औषध वहीत लिहून ठेवावं.

कुटून देण्याआधी

गोळी गिळत नाहीत म्हटलं की पहिला विचार येतो तो कुटून देण्याचा. काही गोळ्या कुटून चालतात, काही कुटल्याने घातक होतात. ज्यांच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर, एक्सएल किंवा एमआर अशी अक्षरं असतात त्या गोळ्या औषध हळूहळू सोडण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या कुटल्या तर अनेक तासांची मात्रा एकदम अंगात उतरते. पँटोप्रॅझोलसारख्या गोळीवर आम्लापासून वाचवणारं आवरण असतं. ते फुटलं की औषध पोटातल्या आम्लात नष्ट होतं आणि गोळी दिली तरी उपयोग होत नाही. अ‍ॅस्पिरिनवर आवरण असतं ते पोटाच्या आतल्या त्वचेला वाचवण्यासाठी. कर्करोगावरच्या गोळ्यांची भुकटी देणाऱ्यालाही बाधते. म्हणून नियम सोपा ठेवावा: प्रत्येक गोळीबद्दल डॉक्टर किंवा औषध दुकानातल्या फार्मासिस्टला विचारून मगच कुटावी.

बहुतेक वेळा कुटण्यापेक्षा चांगला पर्याय असतो. काही औषधं पातळ स्वरूपात मिळतात. काही गोळ्या जिभेवर विरघळतात, पण त्याही लाळेबरोबर गिळाव्याच लागतात, त्यामुळे तोंड फार कोरडं असेल तर त्यांचाही उपयोग कमी होतो. डिमेन्शियासाठीचं रिव्हास्टिग्मिन त्वचेवर चिकटवायच्या पट्टीतून देता येतं. ती पट्टी रोज बदलायची आणि जुनी काढल्याशिवाय नवी लावायची नाही, एवढं सांभाळावं लागतं.

अख्खी गोळी मऊ पदार्थात ठेवून देणं हाही चांगला मार्ग आहे. त्यासाठी एकच चमचा पदार्थ घ्यावा. ताटभर जेवणात औषध मिसळलं आणि अर्धं जेवण उरलं, तर मात्रा कळत नाही. आपल्याकडे पटकन हाताशी येतो तो वरण-भात, पण तो इथे बरा नाही. त्यात पातळ वरण आणि सुटं शीत एकत्र असतं. पातळ आधी घशात उतरतं, शीत मागे राहतं, आणि गिळायला त्रास असणाऱ्याला हे दोन पोत एकदम सांभाळता येत नाहीत. घट्ट दही, कुस्करलेलं केळं किंवा एकजीव घोटलेली खीर त्यापेक्षा सुरक्षित. थायरॉइडची गोळी आणि काही अँटिबायोटिक मात्र दूध-दह्याबरोबर चालत नाहीत, म्हणून इथेही आधी विचारावं.

अकराच्या पाच

गोळी देण्याच्या सगळ्या युक्त्यांपेक्षा मोठा उपाय म्हणजे गोळ्या कमी करणं. लाखांदूरच्या आजोबांची थैली डॉक्टरांसमोर उलटी केली, तेव्हा काय होऊ शकतं ते पाहू. त्यांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात कधीच आलेला नव्हता, म्हणून अ‍ॅस्पिरिन बंद झाली. पित्ताची गोळी अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला होती, तीही बंद झाली. व्हिटॅमिन आणि कॅल्शियमची गरज नव्हती. तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात होती आणि जेवणाचा नेम राहिला नव्हता, म्हणून साखर एकदम उतरवू शकणारी ग्लिमेपिराइड थांबवली. मेटफॉर्मिन हळूहळू सुटणारी होती, तिच्या जागी कुटता येणारी साधी गोळी आली. रक्तदाबासाठी फक्त अ‍ॅम्लोडिपिन ठेवली आणि ती रोज नक्की पोटात जाते हे बघून, उपकेंद्रात आठवडाभर रक्तदाब मोजला. तो ठीक राहिला, दुसरी गोळी लागलीच नाही. उरल्या सकाळी चार आणि रात्री एक.

प्रत्येक घरातला हिशेब असाच लागेल असं नाही. पक्षाघात होऊन गेलेल्या माणसाची अ‍ॅस्पिरिन बंद करता येत नाही. हे निर्णय डॉक्टरांचे आहेत. पण "यातल्या कोणत्या गोळ्या खरोखर लागतात?" हा प्रश्न विचारण्याचं काम घरच्यांचं आहे, आणि तो दर तपासणीत विचारावा.

त्याच वेळी दुसरा प्रश्नही विचारावा: कोणती गोळी चुकली तर त्याच दिवशी कळवायचं? कोलेस्टेरॉलची किंवा व्हिटॅमिनची गोळी एखाद्या दिवशी चुकली तर फार बिघडत नाही. फिट्सची, रक्त पातळ करणारी, कंपवाताची आणि स्टेरॉइडची गोळी चुकणं मात्र गंभीर असतं. साखरेच्या गोळीची बाब उलटी आहे. रुग्णाने जेवायलाच नकार दिला असेल तर ग्लिमेपिराइडसारखी गोळी जबरदस्तीने देऊ नये, डॉक्टरांना फोन करावा. ही यादी कागदावर लिहून औषधांच्या डब्याला चिकटवावी, म्हणजे रोज सगळ्याच गोळ्यांसाठी भांडण होत नाही.

लपवून द्यावी का?

खिरीत, चहात औषध गुपचूप मिसळणं अनेक घरांत चालतं. ते सहज करावं असं नाही. ज्या माणसाला औषध कशासाठी आहे हे समजतं, आणि समजून तो नको म्हणतो, त्याला फसवून देणं चुकीचं आहे. ज्याची ही समज गेली आहे, त्याच्यासाठी अत्यावश्यक औषधापुरता हा मार्ग शेवटी उरतो. तोही डॉक्टरांशी आणि घरातल्या सगळ्यांशी बोलून, कागदावर लिहून आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासून. यात धोकाही आहे. चव बिघडली आणि संशय आला, तर तो माणूस औषधाबरोबर जेवणही सोडतो. त्यामुळे रोजच्या आवडत्या पदार्थात औषध कधीच मिसळू नये.

केव्हा थांबायचं

गोळी किंवा पाणी घेताना वारंवार ठसका लागणं, गिळल्यावर आवाज ओलसर, घरघरता होणं, जेवणाला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागणं, वजन उतरणं आणि पुन्हा पुन्हा ताप-खोकला होणं या खुणा दिसल्या तर अन्न-पाणी श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता असते. मग युक्त्या थांबवाव्यात आणि गिळण्याची तपासणी करून घ्यावी. चालता-बोलता माणूस दोन दिवसांत अचानक औषध-जेवण नाकारू लागला, जास्त गोंधळला किंवा झोपाळू झाला, तर तो डिमेन्शिया वाढल्याचा भाग मानून बसू नये. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, बद्धकोष्ठता किंवा दातदुखी त्यामागे असू शकते आणि त्यावर उपचार आहेत.

मदतीची सुरुवात गावाजवळच्या उपकेंद्रापासून आणि भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयापासून करता येते. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे, ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७. जाताना तीन गोष्टी सोबत न्या: औषधांची सगळी थैली, सापडलेल्या गोळ्यांची डबी आणि नकाराची वही. या तीन गोष्टी समोर असल्या की डॉक्टरांना अंदाजाने औषध वाढवावं लागत नाही.